रांगेतील स्थान : वरून कितवा, खालून कितवा
(सिद्धेश्वर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत एक प्रश्न वर्षानुवर्षे निरनिराळे पोशाख घालून येत असतो. कधी तो मुलांच्या रांगेचा असतो, कधी गुणानुक्रमाचा, कधी झाडांच्या ओळीचा. आज मी त्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. प्रश्न लहान आहे. परंतु तो शिकविताना मी स्वतः एक चूक केली होती, आणि तीच चूक आपल्या अनेक शाळांच्या फळ्यांवर अजून माझ्या दृष्टीस पडते. म्हणून त्यासाठी आपला थोडा वेळ घेतो.

प्रश्न असा. शाळेच्या अंगणात मुलींची एक रांग उभी आहे. रांगेचे एक टोक लिंबाच्या झाडाकडे आहे व दुसरे शाळेच्या दाराकडे. सखू झाडाकडून सातवी आहे आणि दाराकडून बारावी आहे. तर रांगेत मुली किती?

हा प्रश्न कोणत्याही चौथी-पाचवीच्या वर्गाला तोंडी घालावा. तीन उत्तरे येतात. काही मुले १९ म्हणतात, काही २० म्हणतात आणि काही १८. बरोबर उत्तर १८ आहे हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९ म्हणणारा मुलगा आणि २० म्हणणारा मुलगा यांच्या चुका एकाच जातीच्या नाहीत, व म्हणून त्यांचा उपायही एक नाही. आपण मात्र दोघांनाही एकच औषध देतो. फळ्यावर लिहितो, 'दोन्ही क्रमांकांची बेरीज उणे एक'. मुले ते पाठ करतात. आठ दिवसांनी कोणी उणे एक करतो, कोणी अधिक एक करतो, आणि कोणी काहीच करीत नाही. कारण तो 'एक' कोठून आला हे त्यांना कधी दिसलेलेच नसते.

तो एक डोळ्यांना दिसेल असे करावयाचे असेल तर मूठभर चिंचोके पुरेत. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. मुलींची रांग खरोखरीच उभी करावी. एका मुलाच्या हाती चिंचोके देऊन त्याला झाडाच्या टोकाशी उभे करावे, दुसऱ्याला दाराच्या टोकाशी. पहिल्याने झाडाकडून निघून प्रत्येक मुलीच्या ओंजळीत एकेक चिंचोका टाकीत सखूपर्यंत यावे, सखूला एक देऊन थांबावे. त्याचे सात चिंचोके संपतात. मग दुसऱ्याने दाराकडून निघावे व तसेच वाटीत सखूपर्यंत यावे, सखूला एक देऊन थांबावे. त्याचे बारा संपतात. एकूण एकोणीस चिंचोके वाटले गेले. आता सर्व मुलींना ओंजळी उघडावयास सांगावे. प्रत्येकीकडे एक चिंचोका आहे. सखूकडे मात्र दोन आहेत. चिंचोके एकोणीस, पण मुली अठरा. सखूजवळचा जादा चिंचोका परत घ्यावा आणि मुलांना तो दाखवावा. उणे एक म्हणजे हा चिंचोका. ही कृती एकदा अंगणात झालेल्या वर्गात 'गुरुजी, अधिक की उणे?' असा प्रश्न मला पुन्हा ऐकू आलेला नाही.

येथे एक सूचना करतो. रांगेची टोके झाड आणि दार अशीच सांगावीत. आरंभी डावे-उजवे बोलू नये. आपण मुलांकडे तोंड करून उभे असतो. आपले डावे ते मुलांचे उजवे. 'डावीकडून चौथा' म्हटल्याबरोबर वर्गाच्या दोन तुकड्या पडतात, आणि त्या गोंधळात मूळ मुद्दा बाजूस राहतो. पुढे परीक्षेच्या दृष्टीने डावे-उजवे शिकवावेच लागते. त्या वेळी रांग ज्या दिशेस तोंड करून उभी असेल त्याच दिशेस तोंड करून आपणही उभे राहावे, म्हणजे वाद मिटतो.

आता २० म्हणणाऱ्या मुलाकडे वळू. त्याने ७ आणि १२ मिळवून वर आणखी एक घातला. हा मुलगा आळशी नव्हे. 'ही आणि ही बाजू झाली, पण मधली सखू राहिली की!' असा त्याचा विचार आहे. हा विचार खरा आहे, परंतु तो दुसऱ्या प्रश्नाचा आहे. 'सखूच्या पुढे सहा मुली आहेत आणि मागे अकरा आहेत' असे सांगितले असते तर सहा आणि अकरा सतरा, आणि सखूची एक, असे अठरा झाले असते. तेथे अधिक एक योग्य. म्हणजे 'पुढे किती' असे विचारले की सखू एकाही मोजणीत नसते, आणि 'कितवी' असे विचारले की ती दोन्ही मोजणींत असते. एकदा ती राहून जाते म्हणून मिळवावी लागते, एकदा दोनदा येते म्हणून वजा करावी लागते.

आषाढी वारीत ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर जे जाऊन आले असतील त्यांना याचे उदाहरण ठाऊक असेल. तेथे दिंड्यांना क्रमांक असतात. ते 'रथापुढे अमुक' आणि 'रथामागे अमुक' असे सांगतात. रथ स्वतः कोणत्याच मोजणीत येत नाही. पुढच्या दिंड्या आणि मागच्या दिंड्या यांची बेरीज केली तर सर्व दिंड्या आल्या, पण रथ राहिला. सखूला रथाच्या जागी उभे करून पाहा, म्हणजे २० म्हणणाऱ्या मुलाचे मन कोठे अडकले ते कळेल. त्याला 'चूक' म्हणण्याऐवजी 'तू रथाचे उत्तर दिलेस, मी सखूचे विचारले' असे म्हणता येते.

वस्तुतः हा दोन्ही टोके धरून मोजण्याचा आणि न धरता मोजण्याचा झगडा आपल्या भाषेतच भरलेला आहे. आठवड्यात दिवस सात. पण शब्द आला तो आठवरून. 'आठ दिवसांनी ये' असे आपण म्हणतो आणि सोमवारी बोललो असलो तर मनात पुढचा सोमवार असतो. या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरले तर आठ भरतात. प्राचीन रोमन लोकांचा बाजार आपल्या मोजणीने दर आठव्या दिवशी भरत असे, तरी त्यांनी त्या बाजाराला नाव दिले ते नवावरून. कारण तेही दोन्ही बाजारांचे दिवस मोजीत. तेव्हा मुलाची ही चूक फार जुनी व फार थोरामोठ्यांची आहे. आपली किरकोळ रजा १२ तारखेपासून १५ तारखेपर्यंत असली की ती चार दिवसांची धरली जाते, पंधरातून बारा गेले तीन असा हिशेब तेथे चालत नाही, हे मात्र आपण कोणी विसरत नाही!

यानंतर प्रश्न उलटा येतो. रांगेत एकूण १८ मुली आहेत, सखू झाडाकडून सातवी आहे, तर दाराकडून कितवी? येथे बहुतेक मुले अठरातून सात वजा करतात आणि ११ सांगतात. ही अकरा संख्या निरर्थक नाही. सखूच्या मागे दारापर्यंत ज्या मुली उभ्या आहेत त्या अकरा. पण दाराकडून मोजत येणारा मुलगा त्या अकरांना चिंचोके वाटून झाल्यावर पुढचा बारावा चिंचोका सखूला देतो. म्हणून ती बारावी. मुलाने ११ सांगितल्यास त्याला 'हे अकरा कोण?' असे विचारावे. तो रांगेकडे बोट दाखवून सांगू लागला की आपली चूक आपणच पकडतो.

मोठ्या संख्यांत मुलाला शंका आली तर ताळा कसा पाहावा हेही सांगितले पाहिजे. मी मुलांना शेवटच्या मुलीवर रीत चालवून पाहावयास सांगतो. अठरांच्या रांगेत झाडाकडून अठरावी असलेली मुलगी दाराशीच उभी आहे. तेव्हा दाराकडून ती पहिली आलीच पाहिजे. अठरातून अठरा गेले शून्य. पण 'शून्यावी' मुलगी असत नाही. म्हणून एक मिळविणे भाग आहे. हा ताळा तोंडी होतो, त्याला कागद लागत नाही, आणि परीक्षेच्या घाईत सूत्र विसरले तरी तो विसरत नाही.

गुणानुक्रमाच्या प्रश्नांत आणखी एक खोच असते, ती थोडक्यात सांगतो. 'उत्तीर्ण झालेल्या मुलांत गणपत वरून सोळावा व खालून एकोणतिसावा आहे. पाच मुले अनुत्तीर्ण झाली आणि सहा परीक्षेस बसली नाहीत. वर्गात मुले किती?' उत्तीर्ण मुलांची रांग १६ अधिक २९ उणे १, म्हणजे ४४. त्यांत पाच आणि सहा मिळवून ५५. येथे सर्व भार 'उत्तीर्ण झालेल्या मुलांत' या शब्दांवर आहे. हे शब्द गाळून नुसते 'वर्गात खालून एकोणतिसावा' असे लिहिले, तर अनुत्तीर्ण मुले त्या एकोणतिसांत आधीच आलेली असू शकतात, आणि मग त्यांना पुन्हा मिळविणे चूक ठरते. शाळेत सरावाच्या प्रश्नपत्रिका आपण स्वतः तयार करतो. त्या करताना कोणती रांग मोजली आहे हे प्रश्नात स्पष्ट लिहिले आहे की नाही, एवढे पाहावे.

आता माझ्या चुकीकडे येतो.

मी तेव्हा नवा शिक्षक होतो आणि शिष्यवृत्तीच्या वर्गाचा मला मोठा उत्साह होता. एका सरावपत्रिकेत मी असा प्रश्न घातला होता : 'एका रांगेत गणपत डावीकडून पंधरावा आहे, सदाशिव उजवीकडून अठरावा आहे, आणि दोघांच्या मध्ये चार मुले आहेत. तर रांगेत एकूण मुले किती?' माझ्या मनात उत्तर तयार होते. पंधरा, अठरा आणि मधली चार, एकूण ३७. सर्व मुलांनी ३७ लिहिले. एका मुलीने २७ लिहिले. तिच्या कागदाच्या कडेला ठिपक्यांची एक ओळ काढलेली होती व त्यांतील दोन ठिपक्यांना वर्तुळे केली होती. मी ते ठिपके पाहिले नाहीत. उत्तरावर फुली मारली आणि पुढच्या कागदाकडे वळलो.

काही दिवसांनी दुसऱ्या एका पुस्तकात तसाच प्रश्न 'कमीत कमी किती मुले असतील?' अशा शब्दांत आढळला, तेव्हा मी थबकलो आणि तो कागद शोधून काढला. मुलीचे ठिपके मोजले. ते सत्तावीस होते. डावीकडून पंधराव्या ठिपक्याला वर्तुळ होते. उजवीकडून अठराव्यालाही वर्तुळ होते. दोन वर्तुळांच्या मध्ये बरोबर चार ठिपके होते. प्रश्नातील प्रत्येक अट तिने पाळलेली होती. फरक एवढाच की तिच्या रांगेत सदाशिव गणपतच्या डाव्या बाजूस उभा होता. गणपतच आधी असला पाहिजे असे मी प्रश्नात कोठेही लिहिले नव्हते. ते मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. तिचे उत्तर माझ्या उत्तराइतकेच बरोबर होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तसे सांगितले व तिला गुण दिले. परंतु त्या वर्षीच्या तिच्या पुढच्या कागदांच्या कडा मी पाहत असे, त्यांवर ठिपके पुन्हा आले नाहीत. ती सूत्रे वापरू लागली होती.

हा प्रश्न आता चिंचोक्यांनी सोडवून पाहू. आपल्या पुष्कळ शाळांत सत्तावीस मुले एका वेळी अंगणात मिळणे कठीण, म्हणून लहान संख्या घेऊ. गणपत झाडाकडून पाचवा, सदाशिव दाराकडून सहावा, मध्ये दोन मुले.

पहिली मांडणी अशी की झाडाकडून येताना आधी गणपत भेटतो. झाडाकडचा वाटणारा पाच चिंचोके वाटून गणपतपाशी थांबतो. दाराकडचा वाटणारा सहा चिंचोके वाटून सदाशिवपाशी थांबतो. दोघांची गाठ पडत नाही. मधल्या दोन मुलांच्या ओंजळी रिकाम्या राहतात. पाच, सहा आणि त्या रिकाम्या दोन, एकूण १३ मुले.

दुसऱ्या मांडणीत झाडाकडून येताना आधी सदाशिव भेटतो, मग दोन मुले, मग गणपत. गणपत पाचवा असल्यामुळे सदाशिव झाडाकडून दुसरा ठरतो. झाडाकडचा वाटणारा सदाशिवला ओलांडून गणपतपर्यंत जातो. दाराकडचा वाटणारा गणपतला ओलांडून सदाशिवपर्यंत जातो. दोघे एकमेकांच्या हद्दीत शिरले. आता ओंजळी उघडल्या की रिकामी एकही नाही. उलट चौघांच्या ओंजळींत दोन-दोन चिंचोके आहेत. सदाशिव, गणपत आणि मधली दोन मुले. वाटलेले चिंचोके अकरा, त्यांतून जादा चार परत घेतले, मुले ७. मोजून पाहावे : सातांच्या रांगेत झाडाकडून दुसरा तो दाराकडून सहावाच येतो.

सखूच्या प्रश्नात एकच ओंजळ दुहेरी भरली होती. येथे चार भरल्या. रीत तीच आहे. वाटलेले चिंचोके मोजावे, दुहेरी झालेले परत घ्यावे, आणि रिकाम्या राहिलेल्यांना मोजून घ्यावे. माझ्या मूळ प्रश्नात पंधरा आणि अठरा मिळून तेहतीस चिंचोके होतात. दुहेरी ओंजळी मधल्या चार आणि दोन टोकांच्या, म्हणजे सहा. तेहतिसांतून सहा गेले सत्तावीस. त्या मुलीने हे सूत्राविना केले होते.

मग प्रत्येक वेळी दोन उत्तरे असतात काय? नाही. समजा गणपत झाडाकडून तिसरा आहे व मध्ये दोन मुले आहेत. सदाशिवला गणपतच्या आधी उभे करावयाचे तर तिसऱ्या जागेपासून झाडाकडे दोन मुले सोडावी लागतील. ती दुसरी व पहिली जागा. सदाशिवला जागाच उरत नाही. त्याला झाडाच्या बुंध्यात उभे राहावे लागेल. तेव्हा दुसरी मांडणी अशक्य, आणि उत्तर एकच. दाराच्या बाजूनेही हीच तपासणी करावी, कारण दुसऱ्या मांडणीत गणपतलाही सदाशिवच्या पलीकडे दाराकडे जागा मिळाली पाहिजे. थोडक्यात, दोघांचेही क्रमांक मधल्या मुलांपेक्षा निदान दोनाने मोठे असतील तरच दोन उत्तरे संभवतात. हा नियम मुलांना पाठ करावयास देऊ नये. त्यांना बुंध्यातला सदाशिव पुरतो.

परीक्षेत उत्तराचे चार पर्याय दिलेले असतात. कित्येकदा दोन संभवांपैकी एकच पर्यायांत असतो, आणि ज्याला एकच मांडणी ठाऊक आहे तो मुलगा '३७ तर नाहीच!' म्हणून घाबरतो व जवळची कोणती तरी संख्या निवडतो. ज्याने दोन्ही मांडण्या अंगणात पाहिल्या आहेत तो शांतपणे दुसरी मांडतो. दोन्ही संख्या पर्यायांत असतील तर प्रश्नात 'कमीत कमी' किंवा 'जास्तीत जास्त' किंवा कोण कोणाच्या आधी आहे असा काही शब्द असलाच पाहिजे. तो शोधावयास शिकवावे. आणि आपल्या स्वतःच्या सरावपत्रिकेत तसा शब्द घालावयाचा आपण विसरलो असलो, तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत.

अदलाबदलीचा प्रश्न मुलांना अवघड वाटतो, पण चिंचोके कळल्यावर तो सोपा होतो. 'गणपत झाडाकडून चौथा, सदाशिव दाराकडून पाचवा. दोघांनी जागा बदलल्या. आता गणपत झाडाकडून नववा झाला. तर मुले किती?' येथे मुले चार आणि पाच मिळवीत बसतात. त्यांना जागांवर खडूने खुणा करून द्याव्यात. माणसे हलतात, खूण हलत नाही. सदाशिव ज्या खुणेवर उभा होता ती खूण दाराकडून पाचवी. आता त्याच खुणेवर गणपत आहे, आणि तो झाडाकडून नववा आहे. एकाच खुणेचे दोन्ही क्रमांक मिळाले. हा सखूचाच प्रश्न झाला. नऊ आणि पाच चौदा, एक परत, १३ मुले. सदाशिव आता दाराकडून कितवा असे पुढे विचारले तर तो झाडाकडून चौथ्या खुणेवर आहे. तेरातून चार गेले नऊ, ती त्याच्या पलीकडची मुले, आणि तो स्वतः दहावा.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण तिचा संबंध आपल्या निकालपत्रकाशी आहे. ही सर्व रीत रांगेची आहे, आणि रांगेत एका जागी एकच मूल उभे असते. निकालात तसे नसते. पाच मुलांना ९०, ८०, ८०, ७० आणि ६० गुण मिळाले. ८० गुण मिळविणाऱ्या मुलाच्या वर एकच मूल आहे, म्हणून तो वरून दुसरा. त्याच्या खाली दोन मुले आहेत, म्हणून तो खालून तिसरा. दोन आणि तीन पाच, उणे एक चार. पण मुले तर पाच आहेत! हरवलेला पाचवा कोण? त्याच्याइतकेच गुण मिळविणारा त्याचा जोडीदार. तो वरच्या मोजणीतही आला नाही आणि खालच्याही नाही. रथासारखा तो दोन्ही मोजणींतून सुटला. कोणी चौकस मुलाने वर्गाचा निकाल हाती घेऊन 'गुरुजी, तुमची रीत येथे चुकते' असे म्हटले तर त्याला गप्प करू नये. त्याचे बरोबर आहे. परीक्षेतील प्रश्नांत सर्वांचे क्रमांक वेगवेगळे आहेत असे गृहीत धरलेले असते, एवढेच त्याला सांगावे.

कृतीसाठी अंगण पुरेसे आहे. मुलांची संख्या फारच थोडी असेल तर पाट्या किंवा दप्तरे ओळीने मांडूनही भागते. चिंचोक्यांची जागा पुढे ठिपक्यांनी घ्यावी, आणि कागदाच्या कडेला काढलेले ठिपके खोडावयास लावू नयेत. तपासताना उत्तर आपल्यापेक्षा वेगळे आले तर फुलीपूर्वी ते ठिपके मोजावेत. त्याला अर्धे मिनिट लागते.

येथे सिद्धेश्वरला मुलांना धरणाकडे न्यावयाचे झाले तर एक मोजणी तेथेही ठेवलेली आहे. सांडव्याचे दरवाजे एका ओळीत आहेत. एका तुकडीने या काठाकडून मोजावे, दुसरीने त्या काठाकडून, आणि एखादा दरवाजा ठरवून तो दोन्ही बाजूंनी कितवा ते सांगावे. दरवाजे किती हे मी मुद्दाम सांगत नाही. मग दोन दरवाजांच्या मधले खांब मोजावेत, म्हणजे ते दरवाजांपेक्षा एकाने कमी का भरतात हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील. मात्र मोजणी दुरून, सुरक्षित जागेवरूनच करावी. पाणी सोडलेले असेल त्या दिवशी मुलांना तिकडे नेऊ नये.